जोडीदाराच्या ऑफिसातील घट्ट मैत्रीचा मत्सर: तो कसा ओळखावा, कसा आवरावा आणि त्याविषयी कसे बोलावे

बायकोची किंवा नवऱ्याची ऑफिसातील एखाद्या व्यक्तीशी घट्ट मैत्री जमली आणि ती आपल्याला सलू लागली, की आजूबाजूचे लोक साधारणपणे दोनच सल्ले देतात. काही जण म्हणतात, ‘विश्वास ठेव आणि दुर्लक्ष कर’. काही म्हणतात, ‘वेळीच लगाम घाल’. पहिला सल्ला मानला तर सल आतल्या आत वाढत जाते. दुसरा मानला तर भांडण होते आणि जी मैत्री काल उघडपणे चालू होती ती उद्यापासून लपूनछपून चालू लागते. या लेखात जो मार्ग मांडला आहे त्याचा क्रम असा आहे: आपल्याला नेमके काय दुखते आहे ते आधी शोधायचे, त्या दुखण्याला खतपाणी घालणाऱ्या स्वतःच्या सवयी थांबवायच्या, मैत्रीत खरोखर खटकण्यासारखे काही आहे का हे निःपक्षपातीपणे तपासायचे, आणि त्यानंतरच जोडीदाराशी बोलायचे. बहुतेक माणसे शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणून त्यांचे बोलणे उलटतपासणीसारखे होते.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक जोडपे कल्पून घेऊ. दोघे फोंड्यात राहतात, लग्नाला काही वर्षे झाली आहेत, मूल शाळेत जाते. तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरी करतो आणि कंपनीच्या बसने बोरी पुलावरून ये-जा करतो. ती पणजीतील एका बँकेत आहे. पूर्वी ती कदंब बसने जात असे. हल्ली फोंड्याचाच एक सहकारी स्वतःच्या गाडीने जातो आणि ती पेट्रोलचा अर्धा खर्च देऊन त्याच्यासोबत जाते. फोंडा ते पणजी हे अंतर साधारण तीस किलोमीटर असले, तरी सकाळची आणि संध्याकाळची वाहतूक धरली तर दोघांचे रोजचे दोन तास एकत्र जातात. चवथीला तो सहकारी सहकुटुंब घरी येऊन माटोळीखाली बसून नेवऱ्या खाऊन गेला होता, तोपर्यंत नवऱ्याला काहीच वावगे वाटले नव्हते. मग एके दिवशी तिस्कावर एका ओळखीच्या माणसाने सहज विचारले, ‘वहिनी रोज ज्याच्या गाडीतून उतरतात तो कोण रे?’ त्या रात्रीपासून तो बायकोच्या फोनच्या प्रत्येक आवाजाकडे कान लावू लागला. गोव्यासारख्या लहान प्रदेशात, जिथे प्रत्येक वाड्यावर कोणी ना कोणी ओळखीचे निघतेच, मत्सराची सुरुवात पुष्कळदा अशी बाहेरून आलेल्या एका वाक्याने होते. त्या वाक्यात नवी माहिती काहीच नव्हती. ती त्याच्या गाडीतून येते हे नवऱ्याला आधीपासून ठाऊक होते. बदलले एवढेच, की आता ते दुसऱ्या कोणाला दिसले होते.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

मत्सर ही एकसंध भावना वाटते, पण ती तशी नसते. सुझन फायफर आणि पॉल वाँग या संशोधकांनी १९८९ मध्ये मत्सर मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात त्याचे तीन भाग वेगवेगळे मोजले आहेत: मनात येणारे संशयाचे विचार, जाणवणारी अस्वस्थता आणि त्यापोटी आपण करत असलेल्या कृती. ही विभागणी घरगुती उपयोगाचीही आहे, कारण तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. विचार तपासता येतात, अस्वस्थता सोसता येते आणि कृती थांबवता येतात. तिन्ही एकत्र कालवले, की ‘मला वाईट वाटते आहे, म्हणजे तिने काहीतरी वाईट केले असणार’ असा निष्कर्ष निघतो, आणि एकदा तो निघाला की पुढचे सगळे त्याच्या पुराव्यासारखे दिसू लागते.

म्हणून एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे, जेव्हा जेव्हा सल उठेल तेव्हा, चार गोष्टी लिहाव्यात. एक, घडले काय, म्हणजे खोलीत कॅमेरा असता तर त्यात काय दिसले असते. दोन, मी त्याचा अर्थ काय लावला. तीन, शरीरात काय झाले. चार, मी काय केले. आपल्या उदाहरणातील नवऱ्याची एक नोंद अशी असेल: ‘मंगळवार, रात्री साडेआठ. जेवताना तिचा फोन वाजला, तिने पाहिला, हसली, उलटा ठेवला. अर्थ: त्याचा मेसेज होता आणि मला दाखवायचा नव्हता. पोटात गोळा, कान गरम. मी विचारले, आज कोण कोण आले होते ऑफिसात? ती म्हणाली, नेहमीचेच. मी जेवण अर्धे टाकून उठलो.’

या नोंदीत ‘अर्थ’ म्हणून जे लिहिले आहे ते सर्व नवऱ्याने स्वतः जोडलेले आहे. मेसेज कोणाचा होता हे त्याला माहीत नाही. फोन उलटा ठेवणे म्हणजे लपवणे, हेही त्याने ठरवले आहे. पण वहीचा खरा उपयोग एका नोंदीत नसून अनेक नोंदी एकाखाली एक आल्यावर दिसतो. दोन आठवड्यांनी पाने उलटताना सल कोणत्या वेळी, कोणत्या प्रसंगानंतर आणि कशाबद्दल उठते याची पुनरावृत्ती शोधावी. आपल्या नवऱ्याच्या वहीत असे दिसले, की सकाळी ती गाडीत बसून जाताना त्याला जवळजवळ काहीच होत नाही. सल उठते ती रात्री आठ ते नऊच्या दरम्यान, आणि बहुतेक वेळा अशा क्षणी जेव्हा तो विचारतो, ‘कसा गेला दिवस?’ आणि ती म्हणते, ‘काही विशेष नाही.’ दिवसभराचे सांगण्यासारखे सगळे ती बाणस्तारी ओलांडेपर्यंत गाडीतच सांगून मोकळी झालेली असते. पूर्वी ते सगळे तो ऐकत असे.

म्हणजे त्याचे दुखणे ती दुसऱ्या पुरुषाबरोबर गाडीत बसते हे नाही. तिच्या दिवसाचा पहिला श्रोता असण्याची त्याची जागा गेली, हे आहे. दोन्हींतला फरक फार मोठा आहे, कारण पहिल्या दुखण्यावर गाडी बंद करणे हा उपाय वाटतो. दुसऱ्यावर तो उपाय चालत नाही, उलट बसच्या गर्दीत उभी राहून आलेली बायको घरी आल्यावर आणखीच कमी बोलेल. इतर कोणाच्या वहीत वेगळे काही निघेल. एखादीला आढळेल, की नवऱ्याच्या सहकारी मैत्रिणीच्या बढतीची बातमी आली त्या दिवसापासून सल सुरू झाली, म्हणजे दुखते आहे ते स्वतःचे थांबलेले करिअर. एखाद्याला दिसेल, की सल फक्त लोकांत असताना उठते, म्हणजे भीती आहे ती चारचौघांत हसे होण्याची. जोपर्यंत हे नेमके सापडत नाही, तोपर्यंत जोडीदाराकडे कोणतीही मागणी करू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. चुकीच्या दुखण्यावरची मागणी मान्य झाली तरी सल तशीच राहते, आणि मग आपण आणखी मोठी मागणी करतो.

दुसरी पायरी: तपासण्या थांबवणे

ही सर्वांत कठीण पायरी आहे आणि तिला सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो. वहीतील चौथ्या रकान्यात, म्हणजे ‘मी काय केले’ यात, बहुधा तपासण्यांचीच यादी असते: व्हॉट्सॲपवर दोघांचा ‘लास्ट सीन’ एकाच वेळचा आहे का ते पाहणे, सहकाऱ्याचे स्टेटस उघडणे, इन्स्टाग्रामवर कोणी कोणाच्या फोटोला लाइक केले ते शोधणे, बरोबर प्रवासाच्या वेळीच फोन करून मागे आवाज कोणाचा येतो ते ऐकणे, ‘आज उशीर का?’ असे वरवर साधे दिसणारे प्रश्न विचारणे. ‘तुझे माझ्यावर प्रेम आहे ना?’ असे दिवसाआड विचारणे हीसुद्धा तपासणीच आहे, फक्त ती गोड आहे.

तपासणी केल्याने काही मिनिटे बरे वाटते. त्या थोड्या वेळच्या सुटकेमुळेच मनाला असा धडा मिळतो, की अस्वस्थ वाटले की तपासायचे. आणि पुढच्या वेळी अस्वस्थता अधिक लवकर व अधिक जोराने येते. शिवाय प्रत्येक तपासणीत काही ना काही संदिग्ध सापडतेच. ॲमी म्युझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांवर केलेल्या २००९ च्या अभ्यासात, फेसबुकवर अधिक वेळ घालवणाऱ्यांमध्ये जोडीदाराविषयीचा मत्सर अधिक आढळला. त्यांनी यामागे एक चक्र असावे असे सुचवले: संदिग्ध माहितीने मत्सर वाढतो आणि मत्सरामुळे आणखी शोधाशोध होते. फोन उघडून पाहिल्यावर ‘काहीच सापडले नाही’ असा निष्कर्ष मत्सरी मन सहसा काढत नाही. ते म्हणते, ‘पुसून टाकले असेल.’

सगळ्या तपासण्या एका दिवसात बंद करण्याचा निर्धार बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडतो. त्यापेक्षा सोप्यापासून अवघडाकडे जावे. यादीतील प्रत्येक तपासणीपुढे, ती केली नाही तर किती तगमग होईल याला शून्य ते दहा असा अंक द्यावा आणि सर्वांत कमी अंकाची तपासणी प्रथम सोडावी. आपल्या नवऱ्याने सहकाऱ्याचे स्टेटस पाहणे आधी सोडले, कारण त्याचा अंक तीन होता. ते स्टेटस त्याने फोनमध्ये म्यूट करून टाकले. त्यानंतर संध्याकाळचा फोन सोडला. ‘लास्ट सीन’ पाहणे मात्र त्याच्यासाठी आठ अंकाचे होते. तिथे त्याने आधी फक्त लांबणीवर टाकण्याचा नियम केला: पाहावेसे वाटले की घड्याळ पाहायचे आणि अर्धा तास थांबायचे, त्यानंतरही वाटले तर पाहायचे. अर्ध्या तासात तगमग एखाद्या लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा आपोआप उतरते. ती आपोआप उतरते हा अनुभव अंगी मुरणे, यातच या पायरीचे सार आहे.

तपासणी थांबवल्यावर विचार मात्र थांबत नाहीत, आणि ते दाबू पाहिले तर उसळतात. त्यासाठी थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीवर वापरून पाहिलेली पद्धत इथेही उपयोगी पडते. रोज एकाच वेळी आणि एकाच जागी अर्धा तास फक्त या विचारांसाठी राखून ठेवायचा. दिवसभरात संशय आला की दोन शब्दांत टिपून ठेवायचा आणि त्याला त्या अर्ध्या तासात बोलवायचे. जागा बिछाना नसावी, कारण मग झोप जाते. वेळ जोडीदार घरी येण्याच्या लगेच आधीची नसावी, कारण मग दार उघडतानाच चेहरा पडलेला असतो. आपल्या नवऱ्याने कंपनीच्या बसमधला परतीचा पहिला अर्धा तास यासाठी ठेवला. बोरी पूल आला की वही बंद.

या पायरीत दोन ठिकाणी घसरण होते. पहिली अशी, की फोन तपासणे थांबते, पण मनातल्या मनात जुने प्रसंग उगाळणे सुरू होते: चवथीला ती त्याच्याशी बोलताना कशी उभी होती, त्याने नेवरी तिच्याच हातून का घेतली. हीही तपासणीच आहे आणि तिलाही अर्ध्या तासाचाच नियम लावावा. दुसरी अशी, की आपण थांबतो आणि काम दुसऱ्याकडे देतो. एखाद्या मित्राला ‘जरा लक्ष ठेव’ असे सांगतो. लहान गावात हे कळल्याशिवाय राहत नाही, आणि कळल्यावर जोडीदाराला होणारी जखम मूळ मत्सरापेक्षा खोल असते. पहिले सहा-सात दिवस तगमग वाढली, तर पद्धत चुकते आहे असे समजू नये. सुरुवातीला ती वाढतेच. तीन आठवड्यांनंतरही तिची तीव्रता जराही उतरली नाही, तर मात्र कुठेतरी छुपी तपासणी चालू आहे का ते शोधावे.

तिसरी पायरी: मैत्री निःपक्षपातीपणे तपासणे

तपासण्या बंद झाल्यावर, डोके थोडे शांत असताना, हा प्रश्न विचारायला हरकत नाही की मैत्रीत खरोखर काही खटकण्यासारखे आहे का. प्रत्येक मत्सर खोटा नसतो, आणि मनाच्या शांतीसाठी समोर दिसणाऱ्या गोष्टींकडे डोळेझाक करावी असे मी कोणालाही सांगणार नाही.

मैत्री किती घट्ट आहे किंवा किती वेळ बोलणे होते यावरून फारसे काही ठरत नाही. ठरते ते दारे कुठे उघडी आणि कुठे बंद आहेत यावरून. जोडीदार त्या मित्राविषयी घरी आपणहून बोलतो का? तो मित्र घरात येऊ शकतो का, त्याच्या घरच्यांना तुम्ही ओळखता का? तुम्ही खोलीत आलात तर संभाषण तसेच चालू राहते की तुटते? आणि सर्वांत महत्त्वाचे, तुमच्या दोघांमधील भांडणे, तुमच्या उणिवा, तुमच्या खासगी गोष्टी त्या मित्रासमोर मांडल्या जातात का? तुमच्याबद्दलची तक्रार बाहेर नियमितपणे सांगितली जाते आणि तुम्हाला मात्र ती कळत नाही, अशी परिस्थिती असेल, तर शारीरिक काहीही नसले तरी जवळीक चुकीच्या जागी जाते आहे, असे मी मानतो. भेटींविषयी खोटे बोलणे, मेसेज नियमितपणे पुसणे, ऑफिसच्या कामाची सबब सांगून दुसरीकडे असणे, ही चिन्हे दिसली तर सरळ बोलावे लागते.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. लपवाछपवी आढळली तर ती केव्हा सुरू झाली याचा क्रम वहीत शोधावा. ‘त्याच्याबरोबर जेवलीस का?’ या प्रश्नाला खरे उत्तर दिल्यावर दोन दिवस अबोला होत असेल, तर माणूस तिसऱ्या वेळी खरे उत्तर देण्याचे टाळतो. ते योग्य नव्हे, पण तो अफेअरचा पुरावाही नव्हे. तो घरातील धाकाचा परिणाम असू शकतो. आपल्या उदाहरणातील बायकोने फोन उलटा ठेवायला सुरुवात केली ती तिस्कावरच्या त्या वाक्यानंतरच्या आठवड्यात, जेव्हा प्रत्येक मेसेजनंतर ‘कोण?’ असा प्रश्न येऊ लागला होता. त्याआधी फोन सरळच असे. प्रश्न आधी आले आणि लपवणे नंतर, हे कळल्यावर नवऱ्याच्या संशयातील निम्मी हवा गेली.

चौथी पायरी: एकच मागणी घेऊन बोलणे

बोलण्यासाठी वेळ आणि जागा आधी ठरवावी. रात्री मूल झोपल्यावर अंथरुणात, किंवा ती नुकतीच दमून दारातून आत आल्यावर, किंवा व्हॉट्सॲपवर हे बोलणे कधीही करू नये. सुटीच्या दिवशी सकाळी, घरात इतर कोणी नसताना किंवा बाहेर शांत ठिकाणी चालता चालता, पाऊण तास पुरेसा होतो. सासू-सासरे एकत्र राहत असतील तर घराबाहेर बोलणेच बरे. ‘मला माझ्याविषयी काही सांगायचे आहे, रविवारी सकाळी वेळ काढशील का?’ असे आदल्या दिवशी सांगितले, तर समोरच्याला अचानक कोंडीत पकडल्यासारखे वाटत नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांवर पुढचे सारे अवलंबून असते. ‘तुझे आणि त्याचे हल्ली जरा जास्तच चालले आहे’ असे म्हटले, की समोरून एकच गोष्ट येऊ शकते: नकार. आपल्या नवऱ्याने वहीच्या आधारे जे म्हटले ते साधारण असे: ‘अगं, गेले दोन महिने मला तुमच्या एकत्र जाण्या-येण्याचा त्रास होतो आहे. तू काही चुकीचे केलेस असे मी म्हणत नाही. मी विचार केला तेव्हा लक्षात आले, की तू घरी येतेस तेव्हा तुझा दिवस सांगून संपलेला असतो आणि मला काहीच उरत नाही. मी चिडून तुला उलटसुलट विचारत राहिलो, तुझे ‘लास्ट सीन’ पाहत राहिलो. ते मी थांबवले आहे. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे.’

ती मागणी मैत्रीविषयी नसून स्वतःच्या नात्याविषयी असावी, डोळ्यांना दिसेल अशी असावी आणि रोज करता येण्याइतकी लहान असावी. त्याने मागितले ते असे: ती घरी आल्यावर चहाची वीस मिनिटे दोघांची, दोन्ही फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्या वेळात तिने दिवसातील किमान एक गोष्ट सांगायची व त्यानेही एक. ‘माझ्यावर जास्त लक्ष दे’ ही मागणी मोजता येत नाही, म्हणून ती पाळली गेली की नाही यावर पुन्हा वाद होतो.

समोरून राग येईल, हे धरून चालावे. आपल्या उदाहरणातील बायको म्हणाली, ‘म्हणजे मी बसचे धक्के खात यायचे का? तुझ्या मित्रांबद्दल मी कधी विचारले?’ अशा वेळी बचाव करू नये. तिचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत परत सांगावे: ‘गाडी बंद कर असे मी म्हणेन याची तुला भीती वाटते, आणि तुझ्यावर पाळत ठेवली याचा राग आला आहे, बरोबर?’ दोघांपैकी कोणाचेही काळीज धडधडू लागले, आवाज चढला, तर थांबावे. जोडप्यांच्या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारे जॉन गॉटमन अशा वेळी किमान वीस मिनिटांची विश्रांती सुचवतात, कारण नाडी शंभराच्या वर गेलेली असताना माणसाला समोरच्याचे नीट ऐकू येत नाही. विश्रांती मागताना परत केव्हा बसायचे ते सांगावे. न सांगता उठून जाणे हा अबोला ठरतो. आणि त्या वीस मिनिटांत मनात उत्तरे रचत बसू नये, नाहीतर नाडी उतरत नाही.

त्यानंतर दोघांनी मिळून चार आठवड्यांसाठी थोड्या गोष्टी ठरवाव्यात, आणि त्या दोन्ही बाजूंना लागू असाव्यात. या जोडप्याने ठरवले, की आपले भांडण तिसऱ्याला सांगायचे नाही, मग तो तिचा सहकारी असो की त्याचे कारखान्यातील मित्र. उशीर होणार असेल तर एक ओळीचा मेसेज टाकायचा. प्रवासाविषयी तो प्रश्न विचारणार नाही. एकमेकांचे मेसेज वाचण्याचा अधिकार, सहकाऱ्याशी बोलणे बंद करणे, नोकरी किंवा शाखा बदलणे, अशा गोष्टी केवळ मत्सराच्या आधारावर मागू नयेत. त्या दिल्या गेल्या तरी त्यांनी विश्वास येत नाही. देणाऱ्याच्या मनात अढी मात्र बसते.

दुसऱ्या आठवड्यात गाडी जुन्या गोव्याजवळ तासभर अडकली. उशिराचा मेसेज आला होता, तरी नवऱ्याने अर्ध्या तासात पाच वेळा ‘लास्ट सीन’ पाहिले. त्या रात्री चहाच्या वेळी त्याने ते स्वतःहून सांगितले आणि तिच्याकडून खुलासा मागितला नाही. असे घसरणे होणारच. ते कबूल करून पुन्हा त्याच नियमावर यायचे आणि त्याची नोंद वहीत करायची. चौथ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी पाहिले तेव्हा वीस मिनिटांचा चहा आठवड्यात सरासरी चार दिवस झाला होता, रोज झाला नव्हता. फोन पुन्हा सरळ ठेवला जाऊ लागला होता. त्याच्या वहीतील नोंदी कमी झाल्या होत्या, पण संपल्या नव्हत्या, आणि ते दोघांनाही चालण्यासारखे होते. सहकारी अजूनही गाडी चालवतच होता.

मित्र हा पूर्वीचा प्रियकर किंवा प्रेयसी असेल तर

क्रम हाच, पण एका ठिकाणी अधिक कडक शिस्त लागते. सहकाऱ्याच्या बाबतीत प्रश्न आज काय चालले आहे याचा असतो. पूर्वीच्या नात्याच्या बाबतीत मन भूतकाळ खणत बसते, आणि भूतकाळातील कोणतेही उत्तर आज तपासता येत नाही. म्हणून माहिती एकदाच विचारावी आणि ती मर्यादित असावी: नाते किती काळ होते, केव्हा आणि का संपले, आता संपर्क कशासाठी आहे आणि तो कितपत आहे. शारीरिक जवळिकीचे तपशील, तुलना, ‘ती जास्त सुंदर होती का’ असले प्रश्न विचारू नयेत. त्यांची उत्तरे पुसता येत नाहीत, आणि पुढे कित्येक महिने वहीची पाने त्यांनीच भरतात.

संपर्काचे कारण पाहणे इथे महत्त्वाचे ठरते. एकाच गावात घर, एकाच देवळाची जत्रा, एकाच नाटक मंडळातील तालमी, किंवा पहिल्या लग्नाचे मूल, अशा कारणांनी गाठभेट टळत नाही. अशा वेळी ‘बोलायचे नाही’ हा नियम पाळताच येत नाही. ‘एकटे भेटायचे असेल तर आधी सांगायचे’ हा पाळता येतो. कारण काहीच नसताना रात्री उशिरापर्यंत जुन्या आठवणींचे मेसेज चालत असतील, तर ते खटकते असे स्पष्ट सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

घरच्या घरी सुटण्याच्या पलीकडची परिस्थिती

काही वेळा ही सारी पद्धत अपुरी पडते आणि तसे ओळखणे गरजेचे असते. काहीही पुरावा नसताना जोडीदार बेइमान आहे अशी पक्की खात्रीच असणे, कपडे हुंगणे, पाठलाग करणे, प्रत्येक खुलाशाला कटाचा भाग समजणे, ही भ्रमाची लक्षणे असू शकतात आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. दीर्घकाळच्या दारूच्या सवयीसोबत असा संशय पुष्कळदा दिसतो, तेव्हा दारूवरचे उपचारही सोबत लागतात. दिवसातील एक तासाहून अधिक वेळ नको असलेल्या विचारांत आणि तपासण्यांत जात असेल, तर मंत्रचळाच्या आजाराची शक्यता तपासून घ्यावी. गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत, म्हणजे आयपीएचबीमध्ये, बाह्यरुग्ण विभागात हे दाखवता येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती निःशुल्क असून चोवीस तास चालते.

मारहाण, धमकी, घराबाहेर पडू न देणे, पगार किंवा फोन काढून घेणे असे काही घडत असेल, तर तो मत्सराचा नसून हिंसेचा प्रश्न आहे. तिथे ‘चहाची वीस मिनिटे’ सुचवणे धोक्याचे आहे. स्त्रियांनी १८१ वर आणि तातडीच्या वेळी कोणीही ११२ वर फोन करावा.

तज्ज्ञाकडे जायचे ठरले तर दोन आठवड्यांची वही बरोबर न्यावी आणि पहिल्या भेटीला शक्यतो एकट्यानेच जावे. वहीतील चौथा रकाना, म्हणजे आपण काय काय केले हे, आधी दाखवावे, कारण बहुतेक जण जोडीदाराने काय केले तेवढेच सांगतात आणि उपचार कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरत नाही.